विश्लेषण : ‘पंचवटी’ रशियनमध्ये छापताना अक्षरे का बिघडतात?

सिंहस्थ जवळ आला की पंचवटीतील डीटीपीच्या दुकानांना आणि फ्लेक्स छापणाऱ्यांना उसंत नसते. मराठी, हिंदी, इंग्रजी या भाषा त्यांच्या हाताखालच्या आहेत. गुजराती वा तेलुगू मजकूर आला तरी कोणी गडबडून जात नाही. रशियन मजकूर आला की मात्र गाडे अडते. कधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कधी एकाच शब्दात दोन वळणांची अक्षरे दिसतात. कधी अक्षरे तिरकी केली की शब्दच ओळखू येईनासा होतो, आणि मग बरोबर असलेली गोष्ट ‘दुरुस्त’ करून कायमची बिघडवली जाते. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट आणि सर्वांत टाळता येण्याजोगा आहे.

सिरिलिक म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात ती लिपी. नाशिक जिल्ह्याला ती अगदीच परकी नाही. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६०च्या दशकात मिग विमानांसाठी उभा राहिला आणि पुढे सुखोई-३० एमकेआय विमानेही तिथेच बांधली गेली. गोव्यात मोरजी, हरमलच्या किनाऱ्यावर रशियन पाट्या आणि रशियन मेनूकार्ड नेहमीचीच झाली आहेत. लिपी ओळखीची असणे आणि ती नीट छापता येणे यांत मात्र बरेच अंतर आहे.

चौकोन का दिसतात?

जुन्या छापखान्यात कंपोझिटरसमोर खिळ्यांची केस असे. केसमध्ये ‘ळ’चा खिळाच नसेल तर कितीही कुशल कंपोझिटर ‘ळ’ छापू शकत नसे. संगणकातील फॉन्ट ही तशीच केस आहे. फरक एवढाच की खिळा नसला तर छापखान्यात काम थांबत असे, संगणकात ते थांबत नाही. फॉन्टमध्ये अक्षर सापडले नाही की संगणक गुपचूप शेजारच्या दुसऱ्या फॉन्टमधून ते उसने आणतो. कुठेच सापडले नाही, तर रिकामा चौकोन ठेवतो.

‘पॉपिन्स’ हा फॉन्ट मोबाइलवर पोस्टर बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाने वापरलेला असतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्यांत एकाच वळणाचा आहे, म्हणून मराठी-इंग्रजी पोस्टरला तो फार शोभतो. पण त्यात सिरिलिक नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या ‘मुक्त’ फॉन्टमध्येही नाही. हा त्या फॉन्टचा दोष नव्हे. ते त्या कामासाठी घडवलेलेच नाहीत. गोंधळ होतो तो संगणक हे सांगत नसल्यामुळे. फॉन्टच्या खिडकीत ‘पॉपिन्स’ लिहिलेले दिसते, रशियन ओळही पडद्यावर दिसते, आणि डिझायनरला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात ती ओळ एरियल किंवा अशाच एखाद्या भलत्या फॉन्टमधून आलेली असते. जाडी वेगळी, उंची वेगळी, अक्षरांमधले अंतर वेगळे. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की उसने अक्षर तिसऱ्याच फॉन्टमधून येते आणि ओळ चौकटीबाहेर जाते.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. रिकामा चौकोन दिसला तर अक्षर शाबूत आहे, फक्त खिळा नाही. फॉन्ट बदलला की ते परत येते. पण ‘Привет’ (नमस्कार) या शब्दाच्या जागी ‘Ïðèâåò’ असे काही दिसले, तर फॉन्ट बदलून काहीही होणार नाही. तिथे फाइल एका संकेतप्रणालीत साठवलेली आहे आणि दुसऱ्याच प्रणालीत उघडली गेली आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेवची जुनी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यावर जे इंग्रजी कडबोळे दिसते, त्याच्या नात्यातलाच हा आजार आहे. आणि अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतील, तर मूळ मजकूर बहुधा वाटेतच नष्ट झाला आहे. तो पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावा. दुकानात या तिन्ही प्रकारांना सरसकट ‘फॉन्ट उडाला’ म्हणतात आणि मग तासभर चुकीच्या जागी उपाय चालतो.

इटॅलिक केल्यावर शब्द का ओळखू येत नाही?

इंग्रजी अक्षर इटॅलिक केले की ते थोडे कलते, थोडे वळणदार होते, पण ओळख पुसत नाही. सिरिलिकमध्ये तसे नाही. छोटा т इटॅलिकमध्ये इंग्रजी छोट्या ‘एम’सारखा होतो. छोटा п ‘एन’सारखा, छोटा и ‘यू’सारखा. छोटा г आरशातल्या ‘एस’सारखा दिसतो आणि छोटा д वर शेपटी वळवलेल्या गोलासारखा. हे बिघडलेले फॉन्ट नव्हेत, हीच त्यांची बरोबर रूपे आहेत.

मराठी वाचकाला हे समजायला मोडीची आठवण पुरेशी आहे. बाळबोध आणि मोडी यांत एकच मराठी लिहिली जाई, अक्षरे तीच, उच्चार तेच. पण हात न उचलता भरभर लिहिण्याच्या ओघात मोडीतील अक्षराचे रूप पार बदलून गेले. बाळबोध येणाऱ्याला मोडी आपोआप वाचता येत नाही. रशियन इटॅलिकही अशाच हाताच्या लिखाणातून आले. उभा-आडवा т लेखणीने सलग काढताना तीन पायांचा झाला आणि तेच रूप छापातही स्थिरावले. फरक इतकाच की आपली मोडी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातून गेली, आणि रशियन मुले मात्र आजही शाळेत हे वळण गिरवतात. हाताने लिहिताना तीन पायांचा т आणि ш यांत गल्लत होऊ नये म्हणून अनेक जण एकाच्या डोक्यावर आणि दुसऱ्याच्या पायाशी आडवी रेघ ओढतात.

म्हणजे टाइम्स न्यू रोमन किंवा पीटी सेरिफसारख्या फॉन्टमध्ये रशियन मजकूर इटॅलिक केल्यावर ‘एम’, ‘एन’, ‘यू’ दिसू लागले, तर ते बरोबर आहे. संशय घ्यायचा तो याच्या उलट घडले तर. टोकाला पाय असलेला पुस्तकी फॉन्ट आहे, अक्षरे तिरकी आहेत, पण т अजून т सारखाच आहे. याचा अर्थ त्या फॉन्टची इटॅलिक फाइल संगणकात नाहीच, आणि सॉफ्टवेअरने उभी अक्षरे नुसती कलती केली आहेत. रशियन वाचकाला ते वाचता येते, पण वळण खोटे असल्याचे लगेच कळते. बिनपायांच्या साध्या फॉन्टचे गणित वेगळे आहे. त्यांतले अनेक फॉन्ट घडवतानाच नुसते कलते ठेवलेले असतात. तिथे т तसाच राहिला तर ती चूक नाही.

एक माहितीपत्रक, दोन चुका

समजा, पंचवटीतला एक टूर चालक रशियन पाहुण्यांसाठी तीन घड्यांचे माहितीपत्रक करून घेतो. मथळा आहे ‘Путеводитель по Панчавати’, म्हणजे ‘पंचवटी मार्गदर्शिका’. मजकूर भाषांतरकाराकडून वर्डच्या फाइलमध्ये येतो. डिझायनर तो पॉपिन्समध्ये लावतो. अक्षरे उसनी येतात, पण दिसतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

मग मालक म्हणतो, मथळा जरा नक्षीदार हवा. डिझायनर टाइम्सचे इटॅलिक लावतो. पहिल्या शब्दात पहिले मोठे अक्षर सोडले तर अकरा अक्षरे उरतात आणि त्यांतली т, д, и, पुन्हा т अशी चार एकदम रूप बदलतात. पुढच्या ‘по’मध्ये п चा ‘एन’ होतो. ‘Панчавати’च्या शेवटी ‘एम’ आणि ‘यू’ येऊन बसतात. मालक म्हणतो, ‘अरे, मध्ये इंग्रजी कसे घुसले?’ प्रश्न रास्त आहे. डिझायनरलाही तेच वाटते.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे इटॅलिक काढून उभी अक्षरे ओढून तिरकी करणे. हे ओबडधोबड दिसते, पण मजकूर वाचतो. दुसरी वाट अधिक वाईट. मूळ फाइल मिळत नाही, व्हॉट्सॲपवर एका छापील नमुन्याचा फोटो तेवढा आहे आणि त्यात नाव इटॅलिकमध्ये आहे. डिझायनर रशियन कीबोर्ड उघडतो आणि आकार पाहून अक्षरे शोधतो. ‘एम’सारखे दिसते म्हणून м दाबतो, ‘यू’सारखे म्हणून у. तयार होते ‘Панчаваму’. हा शब्द ‘पंचवामू’सारखा काहीतरी वाचला जाईल. अशा नावाची जागा नाशिकमध्ये नाही.

ही चूक पकडणेही सोपे नाही. पंचवटी हे विशेषनाम असल्याने रशियन शब्दतपासणी बरोबर नावाखालीही लाल रेघ ओढण्याची शक्यता आहे आणि चुकीच्या नावाखालीही. फॉन्ट बदलून पाहावे तर प्रत्येक फॉन्टमध्ये ते चुकीचेच दिसेल, कारण आता चूक आकारात नाही, अक्षरातच शिरली आहे. पाहुण्याने पत्रकावरचे नाव मोबाइलच्या नकाशात टाइप केले तर हाती काही लागणार नाही. खोटे वळण नजरेला खुपते एवढेच, हे मात्र माणसाला रस्ता चुकवते.

म्हणून एक नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. सिरिलिक मजकूर कधीही चित्रावरून पाहून टाइप करू नये. तो अक्षरांच्या रूपात, म्हणजे कॉपी करता येईल अशाच स्वरूपात मागवावा. वळणाचा संशय आला तर ओळीवरचे इटॅलिक काढून पाहावे. т पुन्हा т सारखा झाला, तर मजकूर शाबूत आहे आणि मघाशी दिसलेला ‘एम’ही बरोबर होता. इटॅलिक काढूनही м राहिला, तर कोणीतरी आधीच घोळ घातला आहे.

खरे तर अशा मथळ्याला इटॅलिकची गरजच नसते. रशियन छपाईत ग्रंथांची नावे दुहेरी कोनी अवतरणात देण्याची रूढ पद्धत आहे, जसे «Рамаяна». मोठ्या लिपीतील अक्षरेही फारशी बदलत नाहीत, ती कलतात तेवढीच. ‘ПАНЧАВАТИ’ असे मोठ्या अक्षरांत ठळक छापले की वरच्या साऱ्या कटकटीतून सुटका होते. शिवाय मराठी आणि रशियन ओळी एकत्र निवडून इटॅलिकचे बटण दाबले तर मराठीही खोटी तिरकी होते. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. शिरोरेषा आडवीच राहते, दंड मात्र कलतात, आणि ओळ वाऱ्याने वाकलेल्या कुंपणासारखी दिसते.

सर्बियाचा ‘т’ आणि मराठीचा ‘ल’

आतापर्यंत गोष्ट रशियनची होती. पण सिरिलिक ही फक्त रशियनची लिपी नाही. सर्बियन, मॅसेडोनियन, बल्गेरियन, युक्रेनियन, कझाख, किर्गिझ, मंगोलियन अशा कितीतरी भाषा ती वापरतात आणि सर्वांचे वळण एक नाही. सर्बियन वाचकाच्या इटॅलिकमध्ये т तीन पायांचा नसतो. उलटा करून ठेवलेला ‘एम’ आणि डोक्यावर आडवी रेघ असा असतो. п हा रेघवाला ‘यू’ असतो, г हा बिनटिंबाचा ‘आय’ आणि वर रेघ. म्हणजे रशियनसाठी अचूक असलेले इटॅलिक सर्बियनसाठी परके ठरते.

गंमत अशी की संगणकाच्या लेखी दोन्हीकडचे अक्षर एकच आहे. युनिकोडमध्ये छोट्या т ला `U+0442` हा एकच क्रमांक आहे, मजकूर रशियन असो वा सर्बियन. कोणते रूप दाखवायचे हे मजकुराची भाषा कोणती यावर ठरते. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवलेली असतात आणि मजकुरावर भाषेची खूण असली की योग्य रूप निवडले जाते. खूण नसेल तर फॉन्टचे नेहमीचे, बहुधा रशियन, रूप दिसते.

हे वाचून मराठी वाचकाला काही आठवायला हवे. ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. मराठी पाठ्यपुस्तकातला ल पाकळ्यांचा आहे, हिंदीतला उभ्या दंडाचा. शाळेत मुले एक ल गिरवतात आणि मोबाइलवर दुसराच पाहतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली, त्यात ही मराठी रूपेच धरली आहेत. पण युनिकोडमध्ये ल चा क्रमांक `U+0932` हा एकच, मराठीलाही आणि हिंदीलाही. त्यामुळे पडद्यावर कोणता ल उमटेल हे तीन गोष्टींवर ठरते. फॉन्टमध्ये मराठी रूप आहे का, मजकुरावर मराठीची खूण आहे का, आणि ती खूण ॲप किंवा ब्राउझर फॉन्टपर्यंत पोचवतो का. वेबपानावर ही खूण इतकी लहान असते :

```
<p lang="mr">लाल शाल</p>
<p lang="hi">लाल शाल</p>
<p lang="sr"><i>тип</i></p>
```

नोटो सान्स देवनागरीसारखा मराठी रूपे असलेला फॉन्ट लावून ही ओळ उघडली, तर पहिल्या दोन ओळींतील ल आणि श वेगवेगळे दिसतात. मजकुराचे एकही अक्षर बदललेले नसते. टिरो देवनागरीच्या कर्त्यांनी तर खुणेवर विसंबण्यापेक्षा सरळ मार्ग धरला आणि मराठी, हिंदी, संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच काढले.

मराठी संकेतस्थळांवर, अगदी सरकारी पाट्यांवरही हिंदी वळणाचा ल दिसला की कुरकुर होते आणि ती योग्यच आहे. मग सर्बियन किंवा बल्गेरियन पाहुण्यापुढे रशियन वळण ठेवताना ‘एवढे कोण बघतो’ असे म्हणता येणार नाही. ते बघतात, जसे आपण बघतो.

अर्धवट सिरिलिक

‘या फॉन्टमध्ये सिरिलिक आहे’ हे वाक्यही अपुरे आहे. अनेक फॉन्टमध्ये रशियनची तेहतीस अक्षरे असतात आणि तेवढीच. महाराष्ट्रातील अनेक मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाबरोबरच कझाखस्तान, किर्गिझस्तानला जातात. तिथल्या भाषांना रशियनपलीकडची अक्षरे लागतात. कझाखस्तानचे कझाखमधले नाव ‘Қазақстан’ असे आहे. त्यात शेपटीचा ‘Қ’ दोनदा येतो, एकदा मोठा, एकदा छोटा, आणि रशियन वर्णमालेत तो नाही. फॉन्टमध्ये तो नसेल तर स्लाइडवर सात अक्षरे एका वळणाची आणि दोन दुसऱ्या वळणाची येतात. किर्गिझमध्ये ң, ө, ү यांचे असेच होते, सर्बियनमध्ये ђ, ћ, љ यांचे.

घाईत असलेला विद्यार्थी मग शेपटीचा Қ काढून साधा К टाकतो. दिसायला ओळ एकसारखी होते, पण शब्दाचे स्पेलिंग चुकते. स्लाइडवर ते खपूनही जाईल. प्रमाणपत्राच्या भाषांतरात किंवा अर्जावर नाव असे बदलले, तर दोन कागदांवर दोन नावे होतात आणि ती एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करत बसावे लागते. त्यापेक्षा वळण थोडे विसंगत दिसलेले परवडले.

गुगल फॉन्ट्सवर ‘सिरिलिक’ आणि ‘विस्तारित सिरिलिक’ या दोन वेगळ्या नोंदी असतात त्या याचसाठी. कझाखला दुसरी नोंदही हवी. सर्वांत भरवशाची कसोटी मात्र साधी आहे. फॉन्टची जाहिरात न पाहता आपलाच मजकूर, त्यातील विशेषनामांसह, फॉन्टच्या नमुना चौकटीत चिकटवून पाहावा. रशियनसाठी ‘путеводитель’ आणि ‘город’ (शहर) हे दोन शब्द इटॅलिक करून पाहिले तरी पुरते. п, т, д, и, г ही रूप बदलणारी प्रमुख अक्षरे दोन शब्दांत येऊन जातात.

मराठीला पॉपिन्स आणि रशियनला माँटसेराट अशी जोडी लावली तर दोन्हींची गोलाई बऱ्यापैकी जुळते. माँटसेराटमध्ये सिरिलिक आहे, देवनागरी नाही. एकच फॉन्ट सगळ्यांना हा हट्ट सोडला की काम सोपे होते. एकाच घराण्यातले हवे असतील तर नोटो आहे. त्याच्या नावातच चौकोनांना ‘नो’ आहे, कारण त्या रिकाम्या चौकोनांना छपाईच्या बोलीत ‘टोफू’ म्हणतात.

स्लाइड आणि सबटायटल्स : बिघाड दुसऱ्याच्या पडद्यावर

माहितीपत्रक छापून हातात येते, चूक निदान समोर दिसते. स्लाइड आणि सबटायटल यांचा त्रास असा की ती बनवणाऱ्याच्या संगणकावर ठाकठीक असतात आणि बिघडतात ती दुसरीकडे. पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव असते, फॉन्ट असतोच असे नाही. सभागृहातल्या लॅपटॉपवर तो नसेल तर पर्यायी फॉन्ट येतो. विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये फाइल साठवण्याच्या पर्यायांत फॉन्ट सोबत बांधून देण्याची सोय आहे, पण काही फॉन्टचा परवाना तशी मुभा देत नाही. पुढे दुरुस्ती करायची नसेल तर पीडीएफ करणे हाच निर्धोक मार्ग. पीडीएफ करून झाल्यावर ती दुसऱ्या फोनवर उघडून रशियन ओळीतला एक शब्द कॉपी करून पाहावा. तो तसाच चिकटला तर अक्षरेही शाबूत आहेत.

सबटायटलच्या साध्या `.srt` फाइलमध्ये तर फॉन्टचे नावही नसते. असतात ती फक्त वेळ आणि मजकूर. पडद्याबाहेरचा आवाज, गाणे किंवा मनातले बोलणे दाखवायला ओळीभोवती `<i>` आणि `</i>` या खुणा घालतात. फॉन्ट कोणता लावायचा हे पाहणाऱ्याचा प्लेअर ठरवतो आणि त्याच्याकडे इटॅलिक नसेल तर तो अक्षरे नुसती कलती करतो. एकाच चित्रफितीत एका फोनवर ‘एम’वाला т दिसेल आणि दुसऱ्यावर कलता т. दोन्ही वाचता येतात. पण ओळ दोन-तीन सेकंदच पडद्यावर असते आणि ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाचा सारा भार त्या ओळीवरच असतो. म्हणून अशा ओळींना इटॅलिक न लावता आरंभी एखादी खूण देणे अधिक शहाणपणाचे. फाइल साठवताना संकेतप्रणाली यूटीएफ-८ ठेवली, तर वर सांगितलेले ‘Ïðèâåò’चे कडबोळे सहसा टळते. मजकूर चित्रातच भाजून टाकला तर वळण पक्के राहते, मात्र मग पाहणाऱ्याला तो मोठा करता येत नाही आणि चूक राहिली तर सगळी चित्रफीत पुन्हा काढावी लागते.

जबाबदारी कोणाची?

दोष सहसा डीटीपीवाल्याच्या माथी मारला जातो. ते अर्धेच खरे आहे. ज्याला लिपी येत नाही त्याने ती वाचून तपासावी ही अपेक्षाच चुकीची आहे. काम देणाऱ्याने मजकुरासोबत भाषा कोणती हे स्पष्ट लिहून दिले पाहिजे. ‘रशियन’ म्हणायचे आणि द्यायचा बल्गेरियन मजकूर, असे करू नये. आणि छपाईपूर्वीचा अंतिम नमुना ती भाषा वाचणाऱ्या माणसाने पाहिलेला असला पाहिजे, भाषांतर झाल्यावर नव्हे, मांडणी झाल्यावर. भाषांतरकाराला वर्डची फाइल तपासायला देऊन मोकळे होणे ही सध्याची रीत निरुपयोगी आहे, कारण वरचे सगळे बिघाड त्यानंतरच घडतात.

सिंहस्थासाठी पाट्या, फलक, नकाशे यांची सरकारी कामे निघतील तेव्हा निविदेत पत्र्याची जाडी, रंगाची हमी, उभारणीची मुदत असे सारे बारकाईने लिहिलेले असेल. परकीय लिपी असलेल्या फलकासाठी त्यात आणखी तीन ओळी हव्यात : भाषेचे नाव, वापरलेल्या फॉन्टचे नाव, आणि मांडणीनंतर वाचणाऱ्याची सही. रामकुंडावरचा लोखंडी फलक एकदा रोवला की ‘Панчаваму’ पुसायला वेल्डर बोलवावा लागतो.